लाकडी घाण्याचे व्हिडिओ: गिऱ्हाइकाला नेमकं काय दाखवायचं?

घाणेवाली_बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीला आमचा लाकडी घाणा आहे. दोन उखळं, मोटरवर चालणारी. मी, नवरा आणि दाणे निवडायला तिघी जणी. मुख्य माल शेंगदाणा तेल, हंगामात थोडी करडई.

दारात येणारं गिऱ्हाईक घाणा बघतं, वास घेतं, बाटली उचलतं. त्याला काही सांगावं लागत नाही. डोकेदुखी आहे ती पुण्या-मुंबईकडच्या कुरियरच्या ऑर्डरींची. रोजचे तेच तीन प्रश्न. "दुकानात शेंगदाणा तेल दोनशेच्या आसपास मिळतं, तुमचं ३४० का?" "पाम मिसळत नाही कशावरून?" आणि बाटली पोचली की फोटो, "ताई, तळाला हे काय बसलंय?"

व्हिडिओ काढायचं ठरवलंय. एका एजन्सीवाल्याने सुचवलं की बैल भाड्याने आणू, नऊवारीतली बाई उभी करू, तेलाची धार हळूहळू पडताना दाखवू, मागे बासरी. मला ते काही पटेना. आमच्याकडे बैल नाही तर दाखवायचा कशाला? पण मग दाखवायचं काय? खोलीत बघण्यासारखं फारसं नाही. उखळ फिरतंय आणि कर्र-कर्र आवाज येतोय, बस. कुणी असं काही केलं असेल तर सांगा. फोन साधाच आहे, ट्रायपॉड घेतलाय.

निवांत_पुणेकर

बैल आणा हो! लोकांना तेच आवडतं. माझ्या फोनवर दिवसाला चार घाणे येतात, सगळ्यांत बैल असतो. लाइक बघा किती पडतात ते.

सदाशिव_तात्या

लाइकने तेल विकलं जात नाही. आणि एखादं गिऱ्हाईक बार्शीवरून जाताना थांबलं आणि त्याला मोटर दिसली, तर काय सांगणार, बैल जेवायला गेलाय?

काटा_कॅमेरा

ताई, मी आधी तेलगिरणीत होतो, आता छोट्या कारखानदारांचे व्हिडिओ काढून देतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतो.

पहिली गोष्ट म्हणजे "आमचा घाणा" असा एक मोठा व्हिडिओ काढू नका. तुम्हीच तीन शंका लिहिल्यात, तर एका शंकेला एक व्हिडिओ, दीड-दोन मिनिटांचा. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं की तोच पाठवायचा. तुमच्या घाण्याचा व्हिडिओ मुळात उत्तर म्हणून वापरायचा आहे, जाहिरात म्हणून नंतर बघू.

सगळ्यात आधी भावाचा. त्यात हिरो एकच, वजनकाटा. एक घाणी पूर्ण तोलून दाखवा. निवडलेले दाणे काट्यावर, आकडा वाचता येईल असा. ते उखळात. मध्ये जो पाण्याचा शिपका देता तोही मोजून, लपवू नका. घाणी उतरली की कच्चं तेल काट्यावर, पेंड काट्यावर. तिसऱ्या दिवशी निवळलेलं तेल काट्यावर आणि खालचा गाळही काट्यावर. बोलायची फार गरज नाही.

तुमचे आकडे काय येतात ते आधी इथे टाका, मग पुढचं सांगतो.

घाणेवाली_बार्शी

काल मुद्दाम तोलून काढले. दाणे २० किलो. पाणी ३०० मिली, दोन-तीन वेळा मिळून. पाऊण तासाच्या वर थोडी मिनिटं लागली. कच्चं तेल ८ किलो ४०० ग्रॅम. पेंड ११ किलो ६००. निवळलेल्याचा आकडा तीन दिवसांनी सांगते, पण एवढ्या तेलाखाली साधारण ४०० ग्रॅम गाळ बसतो, म्हणजे चोख तेल ८ किलोच्या आसपास.

हिशेबी

आत गेलं २० किलो ३००, बाहेर आलं बरोबर २०. उरलेले ३०० ग्रॅम कुठे गेले?

काटा_कॅमेरा

हा प्रश्न व्हिडिओखाली नक्की येणार, तेव्हा बरं झालं विचारलंत. घाण्यात घर्षणाने ऊब येते, त्यात थोडं पाणी वाफेने जातं. बाकीचं उखळाला, त्यात दाणे चिरडणाऱ्या लाटेला, भांड्यांना चिकटतं. हिशेब जुळवायला आकडा गोल करू नका ताई. ही ३०० ग्रॅमची घट तशीच दिसू द्या. वीस किलो घालून नेमके वीस किलो ३०० बाहेर काढणाऱ्या घाण्यावर माझा तरी विश्वास बसणार नाही.

आता भाव. ८ किलो तेल म्हणजे ८ लिटर नव्हे. शेंगदाणा तेलाचं लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे झालं पावणेनऊ लिटर. दाणे समजा १२५ रुपये किलो धरले (रोज बदलतात, तुमचा त्या दिवसाचा भाव घाला) तर २० किलोचे २५००. पेंड ४५ ने विकली तर ५२२ परत आले. राहिले १९७८. भागिले पावणेनऊ, म्हणजे सव्वादोनशेच्या थोडं वर. हा फक्त दाण्याचा खर्च झाला. यात निवडणाऱ्या बायकांची मजुरी, वीज, बाटली, खोका, कुरियरमधली फूट, जीएसटी काहीच नाही.

म्हणजे लाकडी घाण्याचं तेल म्हणून कुणी दोनशेला विकत असेल तर त्याला दाणाच परवडत नाही. हे वाक्य तुम्ही बोलू नका. आकडे ओळीने पडद्यावर येऊ द्या, बघणारा स्वतः भागाकार करतो.

निवांत_पुणेकर

मग दुकानातलं रिफाइंड दोनशेला कसं देतात? तेही भेसळच म्हणायचं का?

काटा_कॅमेरा

अजिबात नाही. मोठ्या गिरणीत जोराने दाबून तेल काढणारा एक्स्पेलर असतो, आणि पेंडीत उरलेलं तेल नंतर सॉल्व्हंट लावून काढतात. पेंडीत जेमतेम एक टक्का तेल राहतं. ताईंच्या पेंडीत माझ्या अंदाजाने दहा-अकरा टक्के राहत असेल. तेवढं तेल त्यांच्या हातून जातं, म्हणून लिटर महाग पडतं. शिवाय मोठे लोक दाणा ट्रकने घेतात. दुसऱ्याच्या तेलाला नावं ठेवणारा व्हिडिओ काढू नका, आपली पेंड तेवढी दाखवा.

गोठा_माढा

पेंडीचं निघालं म्हणून लिहितो. माझ्या बारा म्हशी आहेत. मी घाण्याचीच पेंड घेतो, कारण तेल जास्त असतं, जनावर आवडीने खातं आणि फॅटला फरक पडतो. पण ताई, तुमच्या पेंडीचा भाव व्हिडिओत टाकू नका. उद्या माझ्यासारखे सगळे म्हणतील ४५ लाच द्या.

हिशेबी

आणि तेलाचं गिऱ्हाईक म्हणेल, पेंडीचे पैसे मिळतात ना, मग तेल स्वस्त करा.

घाणेवाली_बार्शी

हीच भीती नवऱ्यालाही आहे. तो म्हणतो वजन दाखव, पैसे नको.

काटा_कॅमेरा

माझं मत वेगळं. पेंड किलोच्या किलो काट्यावर दिसली आणि तिचा भाव गाळला, तर चाणाक्ष माणूस नेमकं तेच विचारणार. पण धंदा तुमचा आहे.

मीनल_ठाणे

मी अशा तेलाची गिऱ्हाईक आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. वजनाचा व्हिडिओ मला आवडेल. पण पामची शंका त्याने जात नाही. वीस किलोतून आठ किलो निघालं, मान्य. नंतर मागच्या खोलीत त्यात काय ओतलं ते मला कुठे दिसतंय? कॅमेरा बंद झाल्यावरच तर सगळं होतं.

शुद्धतेचा_आग्रह

त्याला सोपा उपाय आहे. फ्रिज! तेलाची वाटी फ्रिजमध्ये ठेवतानाचा व्हिडिओ काढा. गोठलं तर पाम, नाही गोठलं तर शुद्ध. आमच्या ग्रूपवर आलं होतं.

काटा_कॅमेरा

कृपा करून हा व्हिडिओ काढू नका. पाम लवकर घट्ट होतं हे खरं. पण अस्सल शेंगदाणा तेलही थंडीत गढूळ होतं, आणि फ्रिज कडक असेल तर चक्क थिजतं. तुमच्या फ्रिजमध्ये ते पातळ राहिलं, मीनलताईंच्या फ्रिजमध्ये घट्ट झालं, की तुमच्याच व्हिडिओने तुम्ही चोर ठरलात. डिसेंबरात दिल्लीला बाटली पाठवली तर फ्रिजचीही गरज नाही. उलट "थंडीत आमचं तेल असं दिसतं, उन्हात ठेवलं की पुन्हा असं" हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ हिवाळ्याआधीच काढून ठेवा.

भेसळ ओळखण्याचं काम प्रयोगशाळेचं. शेंगदाणा तेलासाठी बेलियर म्हणून चाचणी असते. ठरावीक रसायनांत तेल घेऊन हळूहळू थंड करतात आणि किती तापमानाला गढूळ होतं ते बघतात. एफएसएसएआयच्या मानकात शेंगदाणा तेलाला ३९ ते ४१ अंश दिलंय. दुसरं तेल बऱ्यापैकी मिसळलं तर आकडा सरकतो.

आता मीनलताईंच्या मुद्द्याचं. पाटीवर तारीख आणि लॉट नंबर लिहा, ती पाटी दाणे तोलताना, तेल निवळताना आणि बाटली भरताना प्रत्येक चित्रात असू द्या. तोच नंबर बाटलीवर. प्रयोगशाळेचा अहवाल आला की त्यावरही तोच नंबर, आणि नमुन्याची बाटली सील करताना पाटी शेजारी. एवढं झालं की साखळी बरीचशी जुळते.

मीनल_ठाणे

बरीचशी. नमुना एका डब्यातला आणि बाटली दुसऱ्या डब्यातली असू शकतेच की.

काटा_कॅमेरा

असू शकते. व्हिडिओने ते पूर्ण बंद होत नाही, मी तसा दावाही करत नाही.

जॉबवर्क_भोसरी

आमचा सीएनसीचा जॉबवर्क आहे. कंपनीवाल्यांना पाठवायला आम्हीही व्हिडिओ काढतो, पण आमच्याकडे गिऱ्हाईक बासरी ऐकत नाही. मायक्रोमीटर लावलेला, रीडिंग दिसलेलं आणि पार्टवरचा नंबर, एवढंच मागतात. आमचा अनुभव असा की पास झालेले पार्ट दाखवून काही होत नाही. रिजेक्टचा लाल डबा दाखवला तेव्हा समोरचा खरेदी अधिकारी पहिल्यांदा नीट बोलला. तुमच्याकडे रिजेक्ट असतं का?

घाणेवाली_बार्शी

असतं ना. पन्नास किलोच्या पोत्यामागे दीड-दोन किलो तरी निवडून बाजूला पडतं. पाऊस शेंगा काढताना झाला असेल तर जास्त.

काटा_कॅमेरा

भोसरीकर, लाखमोलाचं बोललात. ताई, हा तुमचा दुसरा व्हिडिओ, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला. सूप किंवा पांढरं ताट घ्या, त्यात निवडून काढलेले दाणे पसरा, फोन अगदी जवळ न्या. सुरकुतलेला दाणा, काळा डाग पडलेला, किडका, आणि हिरवट-पिवळी बुरशी धरलेला. एकेक बोटाने वेगळा करून दाखवा. निवडणाऱ्या मावशींनाच बोलू द्या, त्या रोज बघतात. मात्र त्यांना आधी विचारा, चेहरा नको असेल तर नुसते हात घ्या.

हे महत्त्वाचं का, तर बुरशीच्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. रिफायनरीत तेलावर प्रक्रिया होऊन ते निघून जातं. घाण्याच्या तेलावर तशी प्रक्रियाच नसते, म्हणून तुमची निवड हाच तुमचा गाळणीचा टप्पा. सगळी बुरशी डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे "आमच्या तेलात विष शून्य" वगैरे बोलू नका. "आम्ही हे एवढं काढून टाकतो" इतकंच.

गोठा_माढा

आणि काढून टाकलेल्या दाण्याचं काय करता? विचारतो कारण ते जर पेंडीत जात असेल तर मला सांगा.

घाणेवाली_बार्शी

नाही दादा. नुसते सुरकुतलेले, स्वच्छ असलेले वेगळे ठेवतो, घरी चटणीला वापरतो. बुरशीचे चुलीत.

गोठा_माढा

बरं केलंत. खाद्यातलं ते दुधात उतरतं असं आमच्या डॉक्टरांनी बजावलंय. मग व्हिडिओत चूलही दाखवा.

होतकरू_उद्योजक

ताई, लाकडी घाण्याची मशीन केवढ्याला पडते? सबसिडी आहे का? मला टाकायचा आहे.

सदाशिव_तात्या

अहो, धागा व्हिडिओचा आहे. वेगळा काढा.

शुद्धतेचा_आग्रह

फ्रिज राहू द्या. निदान थर्मामीटर तरी दाखवा. कोल्ड प्रेस म्हणजे ४५ अंशाच्या आत, असा नियमच आहे.

काटा_कॅमेरा

तुम्ही निम्मे बरोबर आहात. तापमान दाखवणं चांगलंच. पण कोडेक्स म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकं, त्यांच्या व्याख्येत अंशांचा आकडाच नाही, बाहेरून उष्णता न देता, फक्त यांत्रिक रीतीने काढलेलं तेल एवढंच म्हटलंय. ४५ हा आकडा विक्रेत्यांनी फिरवून फिरवून नियम केलाय. बार्शीत मे महिन्यात खोलीच बेचाळीसला असते, तिथे तेल ४८ दाखवेल. तेव्हा ताईंनी आधी "४५ च्या आत" म्हणून ठेवलं असेल तर पंचाईत.

दाखवायचंच असेल तर एकाच चित्रात खोलीचं आणि तेलाचं, दोन्ही तापमान दाखवा, वर किती चढलं ते दिसतं. आणि बंदुकीसारखा थर्मामीटर स्टीलच्या भांड्यावर रोखू नका, चकचकीत धातूवर तो बराच कमी आकडा दाखवतो. सळईवाला घ्या आणि तेलात बुडवा.

घाणेवाली_बार्शी

आज घरच्या घरी एक चाचणी शूटिंग केलं. दोन अडचणी. काट्याचे लाल आकडे फोनमध्ये अर्धवट दिसतात, ८.४० चं कधी ८.१ तर कधी नुसती रेघ. आणि वरच्या एलईडी ट्यूबचे पट्टे चित्रातून सरकत राहतात. शिवाय घाण्याच्या आवाजात माझं बोलणं काहीच ऐकू येत नाही.

काटा_कॅमेरा

पहिल्या दोन्हींचं मूळ एकच. ते आकडे आणि ट्यूब दोन्ही भराभर विझत-पेटत असतात, डोळ्याला कळत नाही, फोनला कळतं. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर व्हिडिओचा शटर 1/50 वर अडकवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. पट्टे बहुतेक जातील, आकडेही भरतील. प्रो मोड नसेल तर सेटिंगमध्ये फ्लिकर ५० हर्ट्झ आहे का बघा. तरी नाही जमलं तर काटा दाराजवळ उजेडात घ्या, ट्यूब बंद. पडदा काळ्या आकड्यांचा असलेला काटा असेल तर प्रश्नच मिटला. आणि काट्यावरचा वैधमापनचा शिक्का दिसू द्या, त्याची मुदत तपासून.

आवाजाचं म्हणाल तर घाणा चालू असताना बोलूच नका. कर्र-कर्र थोडी ऐकू द्या, मग घाणा थांबल्यावर शेजारच्या खोलीत बसून बोललेलं वर लावा.

पाऊण तासाची घाणी एका चित्रात घ्यायची तर फोनचा टाइमलॅप्स लावा, मागे भिंतीवरचं घड्याळ ठेवा. अर्ध्या मिनिटात काटे फिरताना दिसतात. मध्ये तोडून जोडलंय ही शंका उरत नाही.

हिशेबी

एक सुचवतो. चित्रात येणारी पोती बघून घ्या. आडत्याचं नाव, मार्का दिसला की शेजारचा घाणेवाला दुसऱ्या दिवशी तिथेच.

सदाशिव_तात्या

आणि डोक्याला टोपी, हातात अंगठी नको, खिडकीला जाळी. अन्न खात्याचे लोकही फोन वापरतात. तुमचा व्हिडिओ तुमच्याविरुद्धही पुरावा असतो.

घाणेवाली_बार्शी

हे डोक्यात नव्हतं. टोप्या आहेत, पण उकाड्यात बायका काढतात. शूटिंगपुरत्या घालायला लावणं मला बरोबर वाटत नाही, रोजच घालायला लावते.

गाळाचं राहिलं. तिसरा व्हिडिओ कसा करू?

काटा_कॅमेरा

सगळ्यांत सोपा तो. तेल निघालं की काचेच्या उंच बरणीत भरा, पाटी शेजारी. रोज सकाळी त्याच जागेवरून, त्याच उजेडात दहा सेकंद. पहिल्या दिवशी चहासारखं गढूळ, तिसऱ्या दिवशी वर सोनेरी आणि खाली बोटभर थर. सगळे तुकडे जोडा. मग वरचं फडक्यातून गाळताना, आणि शेवटी गाळ चमच्याने उचलून दाखवा, तो दाण्याचाच बारीक चोथा आहे हे पोताने कळतं.

त्याच व्हिडिओत फेसाचंही सांगा. तळणीला फेस आला की लोक घाबरतात. बिनरिफाइंड तेलात थोडं पाणी आणि चिकट अंश राहतो, त्याचा तो फेस. निवळायला एक दिवस जास्त दिला तर कमी येतो.

मीनल_ठाणे

हे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर एका घाणेवाल्याची बाटली मी परत पाठवली नसती. तरी एक प्रश्न. प्रत्येक लॉटचा व्हिडिओ करणार? बाटलीवर लॉट नंबर दिला की मी तोच शोधणार.

घाणेवाली_बार्शी

रोजच्या चार-पाच घाण्या. प्रत्येकाचा शक्यच नाही. आठवड्यातून एक करू शकते.

काटा_कॅमेरा

मग तसंच लिहा, "दर सोमवारच्या पहिल्या घाणीचा". कुठली घाणी ते आधीच ठरलेलं हवं. चांगली उतरलेली निवडून टाकायची सोय स्वतःलाच ठेवू नका. उतारा एखाद्या सोमवारी साडेसात किलोवर आला तरी टाका. दाणा नवा-जुना, जाड-बारीक असतो, वर्षभर नेमका आठच आला तर तेच संशयास्पद दिसेल.

जॉबवर्क_भोसरी

यावर आमच्याकडे भांडणं होतात. मालक म्हणतो खराब रीडिंग पाठवू नका, मी म्हणतो पाठवा. अजून निकाल लागलेला नाही.

घाणेवाली_बार्शी

निवळलेल्याचा आकडा आला. ८ किलो ५० ग्रॅम, गाळ ३४० ग्रॅम. सोमवारी पहिली घाणी शूट करते. पेंडीच्या भावावर घरात अजून एकमत नाही. नवरा म्हणतो वजन दाखव आणि खाली लिही "पेंड स्थानिक पशुपालकांना विकली जाते". तात्या, मीनलताई, तुम्हाला एवढं पुरेसं वाटेल का?

मीनल_ठाणे

मला पुरेल. पण कुणी कॉमेंटमध्ये भाव विचारला तर उत्तर द्या, गप्प बसू नका.

गोठा_माढा

उत्तर द्यायचंच असेल तर निदान ५० सांगा.